फाँडंट खरखरीत का झाले? पाकाच्या अवस्था आणि रवा धरण्यावरचे नियंत्रण

प्रश्न: बेकरी व कन्फेक्शनरीच्या पेपरात दहा गुणांचा प्रश्न होता: "500 ग्रॅम साखर व 150 ग्रॅम पाणी यांचा पाक 114 अंश सेल्सिअसपर्यंत उकळून फाँडंट केले. ते खरखरीत झाले. कारणे सांगा व स्फटिकीकरण नियंत्रणाचे उपाय स्पष्ट करा." मी पाकाच्या सगळ्या अवस्थांचा तक्ता तापमानासह बरोबर लिहिला, तरी तीनच गुण मिळाले. माझे नेमके काय चुकले? आणि एवढ्या अवस्था लक्षात ठेवायच्या कशा?

उत्तर: तुमचा तक्ता बरोबर असेल, पण त्याने दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले. फाँडंटसाठी, म्हणजे साखरेच्या बारीक स्फटिकांच्या मऊ लगद्यासाठी, 114 अंश हे योग्य तापमान आहे आणि परीक्षकाने ते मुद्दाम प्रश्नातच देऊन ठेवले आहे. उकळण्यात चूक नव्हती, मग चूक कुठे झाली, एवढेच त्याला तुमच्याकडून हवे होते. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या उत्तरपत्रिकांत सर्वाधिक गुण याच गोंधळात जातात. पाक कुठवर उकळला यावरून तयार पदार्थात एकूण किती साखर स्फटिकरूपात बसेल हे ठरते. ते स्फटिक बारीक होतील की मोठे, हे मात्र पाक चुलीवरून उतरल्यानंतर ठरते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर या विषयावरचा बहुतेक कोणताही प्रश्न सोडवता येतो.

आधी उकळण्याकडे पाहू. उकळत्या पाकातला थर्मामीटर तापमान दाखवतो खरा, पण आपल्या दृष्टीने तो पाकात किती पाणी उरले आहे हे सांगणारे मोजमाप आहे. साखर विरघळली की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, आणि साखरेचे प्रमाण जितके जास्त तितका तो वर जातो. त्यामुळे निव्वळ साखर-पाण्याच्या पाकात, हवेचा दाब तोच असेल तर, प्रत्येक उकळत्या तापमानाला साखरेचे एक ठरावीक प्रमाण असते. तक्त्यातल्या अवस्था म्हणजे या प्रमाणाच्या पायऱ्या आहेत. पाठ करायचेच असेल, तर तापमानाबरोबर 100 ग्रॅम पाकातले उरलेले पाणी पाठ करावे. थ्रेड म्हणजे तारेच्या अवस्थेत, सुमारे 110 ते 112 अंशांना, 20 ग्रॅम पाणी असते. सॉफ्ट बॉल म्हणजे मऊ गोळीच्या अवस्थेत, 112 ते 116 अंशांना, 15 ग्रॅम. फर्म बॉलला, 118 ते 120 अंशांना, 13 ग्रॅम. हार्ड बॉलला, 121 ते 130 अंशांना, 8 ग्रॅमच्या आसपास. सॉफ्ट क्रॅकला, 132 ते 143 अंशांना, 5 ग्रॅम. आणि हार्ड क्रॅकला, 146 ते 154 अंशांना, जेमतेम 1 ग्रॅम. निरनिराळ्या पुस्तकांत या सीमा एक-दोन अंशांनी इकडेतिकडे असतात, आणि तेवढ्यासाठी कोणी शहाणा परीक्षक गुण कापत नाही.

हेच आकडे तुमच्या प्रश्नातल्या पाकाला लावून पाहा. साखर 500 ग्रॅम आहे आणि ती उडून जात नाही. मऊ गोळीच्या अवस्थेत ती एकूण वजनाच्या 85 टक्के असते, म्हणून पाकाचे वजन 500 भागिले 0.85, म्हणजे 588 ग्रॅम. सुरुवातीला 650 ग्रॅम मिश्रण होते, त्यातून 62 ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले आणि 88 ग्रॅम उरले. सुरुवातीला 150 ऐवजी 250 ग्रॅम पाणी घेतले असते, तरी 114 अंशांना 88 ग्रॅमच उरले असते. फक्त 62 ऐवजी 162 ग्रॅम पाणी उडवावे लागले असते आणि वेळ जास्त लागला असता. "पाणी जास्त पडल्यामुळे फाँडंट सैल झाले" हे वाक्य उत्तरपत्रिकेत अनेकदा दिसते, पण पाक ठरलेल्या तापमानापर्यंत उकळला असेल, तर ते चूक आहे.

आता याच पाकाला फर्म बॉलपर्यंत नेऊ. 500 भागिले 0.87 म्हणजे 575 ग्रॅम. 588 वरून 575 वर येताना गेलेले पाणी केवळ 13 ग्रॅम, एका टेबलस्पूनपेक्षाही कमी. सुरुवातीला काटा रेंगाळतो, कारण तिथे एकेक अंश चढायला बरेच पाणी जावे लागते. पुढे मात्र चमचाभर पाणी गेले की अवस्था बदलते. विद्यार्थी त्या रेंगाळण्याला कंटाळून आच वाढवतात आणि नेमके जिथे काटा धावू लागतो तिथे गाफील असतात. 110 अंशांनंतर आच कमी करावी, हे सांगण्यामागचे कारण एवढेच आहे.

थर्मामीटर नसेल किंवा त्याच्यावर भरवसा नसेल, तर गार पाण्याची परीक्षा करावी. अर्धा चमचा पाक गार पाण्याच्या वाटीत सोडायचा आणि पाण्यातच बोटांनी गोळा करायचा. मऊ गोळी पाण्यात गोल राहते. पाण्याबाहेर काढून बोटांवर ठेवली की बसत जाऊन चपटी होते. फर्म बॉलची गोळी बाहेर काढल्यावरही आकार धरून राहते, दाबल्यावर मात्र दबते. या दोहोंतला फरक बोटाला दोन-तीन वेळांत कळू लागतो. परीक्षा घेताना पातेले चुलीवरून बाजूला घ्यावे, नाहीतर तुम्ही गोळी चेपत असताना पाक पुढच्या अवस्थेत गेलेला असतो.

थर्मामीटर वापरण्यापूर्वी तो उकळत्या पाण्यात धरून पाहावा. उंचीवरच्या ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने पाणीच लवकर उकळते. साधारण दर 300 मीटरला एक अंश कमी धरावा. समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर पाणी 97 अंशांना उकळत असेल, तर तिथे 114 अंशांचा पाक 111 अंशांनाच उतरवावा लागतो. प्रश्नात उंचीचा उल्लेख आला, तर सगळ्या अवस्थांतून तेवढे अंश वजा करायचे. थर्मामीटरचा फुगा तळाला टेकू देऊ नये, एवढे पथ्यही पाळावे.

आता मूळ मुद्दा. फाँडंट म्हणजे साखरेच्या अतिशय बारीक स्फटिकांचा आणि त्यांच्यामधल्या संपृक्त पाकाचा लगदा. स्फटिक किती आणि पाक किती, हे साध्या हिशोबाने काढता येते. 20 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 204 ग्रॅम साखर विरघळून राहू शकते. आपल्याकडे 88 ग्रॅम पाणी आहे, म्हणजे ते सुमारे 180 ग्रॅम साखर धरून ठेवील. उरलेली 320 ग्रॅम साखर स्फटिक होऊन बाहेर पडायला हवी. 588 ग्रॅम फाँडंटमध्ये 320 ग्रॅम स्फटिक म्हणजे सुमारे 54 टक्के. हाच पाक फर्म बॉलपर्यंत गेला असता, तर 75 ग्रॅम पाण्याने 153 ग्रॅम साखर धरली असती, 347 ग्रॅम साखर स्फटिक झाली असती आणि स्फटिकांचे प्रमाण 60 टक्क्यांवर गेले असते. असे फाँडंट कडक होते, मळायला जड जाते आणि कोरडे पडते, पण ते खरखरीत असलेच पाहिजे असे नाही. कडकपणा आणि खरखरीतपणा हे दोन वेगळे दोष आहेत. तुमच्या प्रश्नात "खरखरीत" हा शब्द आहे, आणि सगळे उत्तर त्या शब्दाभोवती फिरायला हवे होते.

320 ग्रॅम साखर स्फटिक होणार हे ठरलेले आहे. ती थोड्या मोठ्या स्फटिकांत वाटली जाईल की असंख्य बारीक स्फटिकांत, एवढेच आपल्या हातात उरते. स्फटिकाचा आकार पाचपट झाला की त्याचे घनफळ 125 पट होते. म्हणून 10 मायक्रॉनच्या स्फटिकांऐवजी 50 मायक्रॉनचे स्फटिक झाले, तर त्याच साखरेत त्यांची संख्या सव्वाशेपट कमी होते. जिभेला साधारण 25-30 मायक्रॉनच्या वरचा कण टोचू लागतो. त्याखालचे स्फटिक लोण्यासारखे मऊ लागतात. म्हणजे आपल्याला एकाच वेळी, शक्य तितकी जास्त केंद्रके निर्माण करायची आहेत. केंद्रक म्हणजे स्फटिकाचा पहिला सूक्ष्म अंकुर, ज्यावर पुढे साखरेचे रेणू बसत जातात. अंकुर थोडे असतील, तर सगळी साखर त्यांच्यावरच बसते आणि ते फुगतात.

अंकुर कधी भरपूर येतात हे समजायला विद्राव्यतेचे तीन-चार आकडे पुरेसे आहेत. आपल्या पाकात 88 ग्रॅम पाण्यात 500 ग्रॅम साखर आहे, म्हणजे 100 ग्रॅम पाण्यामागे 568 ग्रॅम. 100 अंशांनाही 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 487 ग्रॅमच साखर विरघळते, म्हणून पाक उतरवल्यावर 100 अंशांपर्यंत येण्याच्या आधीच तो अतिसंपृक्त झालेला असतो. 90 अंशांना विद्राव्यता 416 ग्रॅम असते, तेव्हा पाकात मावते त्याच्या 1.37 पट साखर असते. 70 अंशांना 320 ग्रॅम, म्हणजे 1.77 पट. 40 अंशांना 238 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ 2.4 पट. अतिसंपृक्तता जितकी जास्त तितके अंकुर धडाधड फुटतात. गरम पाक 90 अंशांना ढवळला, तर अंकुर थोडेच येतात. पाक पातळ असल्यामुळे साखरेचे रेणू त्यांच्यापर्यंत सहज पोहोचतात आणि ते झपाट्याने वाढतात. याचा परिणाम म्हणजे रवाळ, खरखरीत फाँडंट. तोच पाक न हलवता 40 अंशांपर्यंत गार होऊ दिला आणि मग घोटला, तर एकाच वेळी असंख्य अंकुर फुटतात, पाक घट्ट असल्यामुळे त्यांची वाढ सावकाश होते आणि कोणालाच मोठे व्हायला साखर उरत नाही.

मग आणखी गार का करू नये, असा उपप्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. 40 अंशांच्या बऱ्याच खाली पाक इतका चिकट होतो की तो घोटताच येत नाही, आणि रेणूंची हालचाल मंदावल्यामुळे अंकुर फुटण्याचा वेगही पडतो. 40 अंश ही या दोन अडचणींमधली सोयीची जागा आहे. पातेल्याच्या तळाला हात लावला की कोमट लागावे, इतपत.

पण पाक न हलवता गार केला तरी तो आधीच रवा धरू शकतो, कारण अतिसंपृक्त पाकाला निमित्तच हवे असते. हे निमित्त तीन ठिकाणांहून येते. उकळी येण्याआधी साखर पूर्ण विरघळली नसेल, तर तळाशी राहिलेला दाणा हे तयार बीज असते. उकळताना पातेल्याच्या कडांवर उडालेले थेंब सुकून तिथे साखर बसते आणि तिचा कण खाली पडला की तो बीज होतो. म्हणून ओल्या ब्रशने कडा धुवाव्यात किंवा उकळीच्या सुरुवातीला दोन-तीन मिनिटे झाकण ठेवून वाफेलाच ते काम करू द्यावे. तिसरे निमित्त म्हणजे हालचाल: चमचा फिरवणे, पातेले आदळणे, साखर लागलेला थर्मामीटर पुन्हा बुडवणे. साखर विरघळेपर्यंत खुशाल ढवळावे. उकळी फुटली की हात बाजूला ठेवावा.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगण्यासारखी आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी संगमरवरी फळ्यावर पाक ओतला. पाक स्वच्छ होता, तापमान बरोबर होते. पातेल्यात चिकटलेला शेवटचा घोटभर पाक वाया जाऊ नये म्हणून मी तो पळीने खरवडून फळ्यावरच्या पाकाच्या एका कोपऱ्यात टाकला. दहा मिनिटांनी बाकी पाक काचेसारखा पारदर्शक होता आणि त्या कोपऱ्यातून एक पांढरट, जाडसर रेघ आत सरकत चालली होती, थंडीत काचेवर बाष्प पसरावे तशी. पाक तेव्हा अजून चांगलाच गरम होता. तो गार होऊन मी घोटायला घेईपर्यंत निम्म्या पाकात मोठे स्फटिक झाले होते आणि पुढे कितीही घोटले तरी ते बारीक झाले नाहीत. खरवडण्याने चिकटलेल्या पाकातले स्फटिक सुटून आले होते. पातेले उपडे करावे, जे येईल ते घ्यावे, उरलेले पाण्यात भिजत टाकावे. उत्तरात "पाक ओतताना पातेले खरवडू नये" हे एक वाक्य कारणासह लिहिले, तर परीक्षकाला कळते की हात कामाला लागलेला आहे.

घोटताना काय दिसते हेही लिहावे. पाक लाकडी उलथण्याने कडेकडून मध्ये ओढत राहिल्यावर तो आधी धूसर होतो, मग दुधी, मग पांढरा. थोड्या वेळाने तो हाताला किंचित गरम लागतो आणि क्षणभर सैल पडतो. स्फटिक बनताना उष्णता बाहेर पडते, त्याचा हा परिणाम आहे. नवखा माणूस इथे घाबरून थांबतो, आणि हीच थांबण्याची सर्वांत वाईट वेळ असते: साखर अजून पाकातच असते आणि ती आधीच्या अंकुरांवर सावकाश बसत राहून त्यांना मोठे करते. आणखी काही मिनिटे घोटत राहिले की लगदा एकाएकी आखडतो, चमक जाते आणि तो भुसभुशीत गोळ्यासारखा सुटतो. मग तो तळहाताने मळून एकजीव करायचा आणि हवाबंद डब्यात रात्रभर मुरू द्यायचा. मुरताना अतिसूक्ष्म स्फटिक विरघळतात, लगदा मऊ आणि लवचीक होतो.

नियंत्रणाचा दुसरा मार्ग पाकाच्या घटकांतून जातो. निव्वळ साखरेचा पाक फार उतावळा असतो, म्हणून त्यात अडथळा आणणारा घटक घालतात. धंद्यात त्याला डॉक्टर म्हणतात. हे दोन प्रकारे होते. थेट ग्लुकोज सिरप घालता येतो, किंवा क्रीम ऑफ टार्टरसारखे आम्ल घालून साखरेचाच थोडा भाग पातेल्यात फोडता येतो. आम्लामुळे होणारी क्रिया अशी:

C₁₂H₂₂O₁₁ + H₂O → C₆H₁₂O₆ + C₆H₁₂O₆

म्हणजे सुक्रोजपासून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. दोघांचे सूत्र एकच असले, तरी रचना वेगळी असते. या मिश्रणाला इन्व्हर्ट शुगर म्हणतात. स्फटिकाच्या पृष्ठभागावर सुक्रोजचा रेणू बसायला येतो तेव्हा हे वेगळ्या आकाराचे रेणू मध्ये येतात आणि वाढ मंदावते. ग्लुकोज सिरपमधल्या लांब साखळ्या शिवाय पाकाला घट्टपणा देतात, त्यामुळे रेणूंची येजा कमी होते. 500 ग्रॅम साखरेला 50 ते 75 ग्रॅम ग्लुकोज सिरप किंवा सुमारे 1 ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे पाव चहाचा चमचा आणि किंचित वर, हे फाँडंटसाठी रूढ प्रमाण आहे.

या दोहोंत मी ग्लुकोज सिरपच पसंत करतो, आणि कारण सांगितले तर तुम्हाला एक गुण जास्त मिळेल. सिरप जितका घातला तितकाच तयार मालात असतो. आम्लाने किती साखर फुटेल हे मात्र आम्लाच्या प्रमाणाइतकेच उकळण्याच्या वेळेवर अवलंबून असते. वर म्हटले की 250 ग्रॅम पाणी घेतले तरी 114 अंशांना प्रमाण तेच येते; पण 162 ग्रॅम पाणी उडायला जो जादा वेळ लागतो, त्या वेळात आम्ल साखर फोडतच राहते. मंद आचेवर रेंगाळलेला पाक म्हणूनच गार झाल्यावर चिकट राहतो, घोटूनही आखडत नाही. उलट पाणी जड असेल, तर त्यातले क्षार थोडे आम्ल मारून टाकतात आणि साखर पुरेशी फुटत नाही. अडथळा कमी पडला तर रवा मोठा होतो, जास्त पडला तर फाँडंट बसतच नाही. उत्तरात दोन्ही बाजू याव्यात. मघाचा 54 टक्क्यांचा हिशोब निव्वळ सुक्रोजचा आहे. सिरप किंवा इन्व्हर्ट शुगर आली की विरघळलेल्या भागाचे प्रमाण वाढते, स्फटिकांचे घटते आणि फाँडंट त्या हिशोबापेक्षा मऊ होते.

खरखरीतपणा कशाने आला हे फाँडंट पाहूनही बरेचसे ओळखता येते. चिमूटभर फाँडंट जीभ आणि टाळू यांच्यामध्ये चिरडून पाहा. रवा सगळीकडे सारखा जाणवला, तर पाक गरम असतानाच घोटला गेला. मऊ लगद्यात मधूनच सुटे दाणे लागले, तर ती कडेवरची किंवा न विरघळलेली साखर आहे. पहिल्या दिवशी मऊ असलेले फाँडंट आठवड्याने रवाळ झाले, तर घोटणे अर्धवट राहिले होते, किंवा डबा कधी गरम तर कधी गार जागी राहिल्याने बारीक स्फटिक विरघळून मोठ्यांवर बसत गेले. तिन्ही वेळा उपाय एकच: फाँडंट पुन्हा पातेल्यात घालून पाणी मिसळायचे, शेवटचा दाणा विरघळेपर्यंत तापवायचे आणि पाक पहिल्यापासून 114 अंशांपर्यंत न्यायचा. नुसते आणखी घोटून मोठा स्फटिक लहान होत नाही.

याच पेपरात कधी उलटा प्रश्न येतो: उकडलेल्या पारदर्शक गोळ्यांना रवा का धरू द्यायचा नाही आणि तो कसा टाळायचा. तिथे पाक हार्ड क्रॅकपर्यंत जातो, पाणी एक ते तीन टक्केच उरते, आणि गार होताना पाक इतका घट्ट होतो की रेणूंना रांगेत बसायला अवधीच मिळत नाही. स्फटिक न होता काच तयार होते. ग्लुकोज सिरपचे प्रमाण इथे फाँडंटपेक्षा बरेच जास्त असते. अशी गोळी दमट हवेत उघडी राहिली, तर पृष्ठभागावर पाणी शोषले जाते, तिथला थर सैल होतो, रेणू हलू लागतात आणि गोळी वरून पांढरट, रवाळ होते. म्हणून वेष्टन हाही स्फटिकीकरण नियंत्रणाचाच भाग ठरतो.

"कॅरॅमल" या शब्दाचाही एक सापळा असतो. तक्त्यातली कॅरॅमल अवस्था 160 अंशांच्या वर येते. तिथे पाणी जवळजवळ संपलेले असते आणि साखरच विघटित होऊन तपकिरी होते. दूध व लोणी घातलेली मऊ कॅरॅमल मात्र 118 ते 120 अंशांनाच, म्हणजे फर्म बॉललाच उतरवतात आणि तिचा रंग मुख्यतः दुधातली प्रथिने व शर्करा यांच्यातील मेलार्ड अभिक्रियेतून येतो. "कॅरॅमल कोणत्या तापमानाला करतात" असे विचारले, तर आधी कोणती कॅरॅमल ते लिहावे.

तुमच्या दहा गुणांच्या प्रश्नाला मी स्वतः असे उत्तर लिहिले असते: "114 अंश ही सॉफ्ट बॉल अवस्था असून पाकात सुमारे 85 टक्के साखर आहे, 650 ग्रॅम मिश्रणातून 62 ग्रॅम पाणी गेले आहे. फाँडंटसाठी हे प्रमाण योग्य आहे, त्यामुळे दोष उकळण्याच्या तापमानात नाही. खरखरीतपणा म्हणजे स्फटिकांची संख्या कमी आणि आकार मोठा. पाक गरम असतानाच घोटला गेल्यास, कडेवरच्या किंवा न विरघळलेल्या साखरेने आधीच बीज पुरवल्यास, घोटणे मध्येच थांबवल्यास किंवा अडथळा आणणारा घटक न घातल्यास असे होते. दिलेल्या कृतीत ग्लुकोज सिरप वा आम्ल दोन्हींचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्यावे." यानंतर प्रत्येक कारणासमोर त्याचा उपाय, एकेका ओळीत, आणि 40 अंश का याचे अतिसंपृक्ततेवर आधारलेले स्पष्टीकरण चार ओळींत. तक्ता यात कुठेच नाही. घटकांविषयीचे ते शेवटचे वाक्य मात्र वगळू नये, कारण प्रश्नात जे दिलेले नाही त्याकडेही लक्ष गेल्याचे त्यातून दिसते, आणि 500 ग्रॅम साखर व 150 ग्रॅम पाणी एवढेच लिहून परीक्षकाने बहुधा तीच जागा मोकळी सोडलेली असते.